पंचमीचा नमस्कार, शहरातल्या भावंडांनो

नागपंचमीच्या तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. पुण्यात, ठाण्यात, मुंबईत राहणाऱ्या तुम्हा चुलत-मावस भावंडांकडून दर श्रावणात काही ठरावीक प्रश्न गावाकडे येतात. आज तवा ठेवायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं नाही? नाग दूध पितो की नाही? सोसायटीत वारूळ नाही, मग पूजा कशाची करायची? आणि गावच्या काकूला 'हॅपी नागपंचमी' पाठवलं तर चालेल का? शुभेच्छा देता देताच या प्रश्नांची उत्तरं देऊ.

आधी तारीख

नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला येते. २०२५ साली ती २९ जुलैला होती आणि २०२६ साली १७ ऑगस्टला आहे. एवढा फरक पडतो कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आला आणि त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. तुमच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब नागपाचम आणखी पंधरा दिवसांनी, श्रावणाच्या वद्य पंचमीला करतं. दोघांचंही बरोबर आहे, पंचमी तेवढी वेगळी.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, बऱ्याच ठिकाणी बायका भावासाठी उपवास करतात. शहरात ही बाजू जवळजवळ विसरली गेली आहे. गावाकडे मात्र पंचमी हा नागाइतकाच माहेराचा सण आहे. नव्या लग्नाच्या लेकी माहेरी येतात, हातावर मेंदी काढतात, नव्या बांगड्या भरतात, झाडाला झोका बांधतात. शुभेच्छा कधी आणि कुणाला पाठवायच्या हे या चतुर्थीवर बरंचसं अवलंबून आहे. ते शेवटी सांगतो.

सगळे नियम एका कहाणीतून येतात

श्रावणात घरोघरी वाचली जाणारी नागपंचमीची कहाणी थोडक्यात अशी. एक शेतकरी शेत नांगरत असतो. शेतात नागिणीचं बीळ असतं, नांगराचा फाळ त्यात जातो आणि तिची पिल्लं मरतात. नागीण परत येते, फाळाला लागलेलं रक्त पाहते आणि रागाने शेतकऱ्याचं सगळं घर डसते. मग तिला कळतं की त्याची एक लेक परगावी सासरी आहे. तिलाही डसायला ती तिच्या घरी जाते. तिथे पाहते तर लेकीने पाटावर गंधाने नाग-नागीण आणि पिल्लं काढली आहेत, पूजा केली आहे, दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवला आहे आणि ती हात जोडून बसली आहे. नागीण ते दूध पिते आणि तिचा राग निवतो. ती लेकीला अमृत देते आणि त्या अमृताने माहेरची माणसं पुन्हा जिवंत होतात.

या कहाणीत लक्षात ठेवण्याजोगं असं की लेकीने पूजा केली ती पाटावर काढलेल्या नागाची. तिने नाग पकडून आणला नव्हता. आजही गावात बहुतेक घरी हेच होतं. भिंतीवर किंवा पाटावर नाग काढतात, नाहीतर कुंभाराकडचा मातीचा नाग आणतात. सकाळी बायका वारुळाला जाऊन येतात. नाग दिसला नाही म्हणून पूजा अपुरी राहिली, असं कुणी म्हणत नाही.

नांगर बंद, खणणं बंद : यामागे शेताचा हिशेब आहे

कहाणीतला फाळ ही नुसती कल्पना नाही. आपल्याकडची नागीण साधारण उन्हाळ्याच्या अखेरीला अंडी घालते आणि ती फुटायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे श्रावणाच्या आसपास शेताच्या बांधावर, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत नागाची नवी पिल्लं असू शकतात. त्याच दिवसांत पावसाचं पाणी बिळांत शिरतं आणि मोठे सापही कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. अशा वेळी जमिनीत फाळ, कुदळ, पहार घालणं सापालाही धोक्याचं आणि शेतकऱ्यालाही.

वारुळाबद्दल शहरात एक गैरसमज आहे, म्हणून सांगतो. वारूळ साप बांधत नाही. ते वाळवी बांधते, आणि साप त्यात भाडेकरूसारखा येऊन राहतो. आतली हवा दमट असते, तापमान फारसं वरखाली होत नाही, म्हणून ती जागा त्याला सोयीची पडते. प्रत्येक वारुळात नाग असतोच असं नाही, पण नसेलच असंही धरून चालता येत नाही. त्यामुळे पूजा करताना भोकात हात घालायचा नाही आणि उदबत्ती आत खोचायची नाही. हळद-कुंकू, फुलं, लाह्या वारुळाच्या पायथ्याशी वाहायच्या. दुधाची पिशवी भोकात रिकामी करायची तर मुळीच नाही. दूध आत नासतं, मुंग्या लागतात आणि आत कोणी राहत असेल तर त्याचं घर ओलं होतं. चमचाभर दूध बाहेर वाहिलं की नैवेद्य झाला.

"आमच्याकडे शेत नाही, मग विळी-तवा का बंद?"

प्रश्न रास्त आहे. जमिनीला जखम करायची नाही हा शेतातला नियम घरात आला आणि त्याचा झाला 'कापायचं नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही'. शेतात नांगराचा फाळ थांबतो, तशी स्वयंपाकघरात विळी थांबते. तवा आणि कढई चुलीवर चढत नाहीत. काही घरांत फोडणीही देत नाहीत. काही घरांत शिवणकामही बंद असतं, सुई टोचायची नाही म्हणून.

नियम घरोघरी थोडे वेगळे आहेत. तुमच्या घरचे कोणते, ते आजीला किंवा थोरल्या काकूला विचारा आणि तेच पाळा. इंटरनेटवरची यादी उचलून आपल्या घराला लावू नका. एवढं मात्र बहुतेक घरांत सारखं आहे : त्या दिवशीचं जेवण उकडलेलं किंवा वाफवलेलं असतं. लाटणं चालतं, वाटणं बहुतेक घरांत चालतं, पातेलं आणि कुकर चालतो. म्हणजे भात, साधं वरण, तूप, दूध आणि गोडाला पुरणाचे दिंड. कोकणात हळदीच्या पानावर भिजवलेली तांदळाची पिठी पसरून, गूळ-खोबऱ्याचं सारण घालून वाफवलेल्या पातोळ्या होतात.

तुमचा फ्लॅट दोन खोल्यांचा असला तरी यातलं काहीही अवघड नाही. सोमवारी पंचमी आली आणि ऑफिसला सुट्टी नसली, तर रविवारी चतुर्थीलाच तयारी करून ठेवता येते. डाळ भिजवणं आणि पुरण शिजवणं त्या संध्याकाळी होतं. भाजी लागणारच असेल तर तीही आदल्या दिवशी चिरून फ्रिजमध्ये ठेवतात. लाह्या विकत आणल्या तरी चालतात. फक्त त्या ज्वारीच्या किंवा साळीच्या बघून घ्या. मसाला लावलेला पॉपकॉर्न नैवेद्याला ठेवू नका.

दिंड : चौघांपुरतं प्रमाण

एक वाटी हरभरा डाळ, एक वाटी चिरलेला गूळ (फार गोड नको असेल तर पाऊण), दोन वाट्या कणीक, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ आणि चवीला जायफळ किंवा वेलची. यात बारा-चौदा दिंड होतात. गूळ आदल्या दिवशीच चिरून ठेवायचा, हे विसरू नका.

डाळ दोन-तीन तास भिजवून मऊ शिजवा आणि चाळणीत ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. दिंड बिघडतात ते बहुतेक इथेच. डाळीत पाणी राहिलं की गूळ घातल्यावर पुरण सैल होतं, आणि सैल पुरणाचा दिंड वाफेत फुटतो. गूळ घातल्यावर मिश्रण आधी पातळ होईल, घाबरू नका. मंद आचेवर ढवळत राहा. पातेल्यात मधोमध कलथा उभा केला आणि तो पडला नाही की पुरण झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की ते घट्ट होतं आणि हात दुखून येतात.

कणीक पोळीपेक्षा किंचित घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहाताएवढी पुरी लाटा. कडा पातळ ठेवा आणि मध्य थोडा जाड, कारण घडी घातल्यावर कडा एकावर एक येतात आणि जाड कडा आतून कच्च्या राहतात. मध्ये चमचाभर पुरण चौकोनी आकारात ठेवा. समोरासमोरच्या दोन बाजू त्यावर दुमडा, मग उरलेल्या दोन. चौकोनी पुडी झाली की घडीची बाजू खाली ठेवा, म्हणजे तिच्या वजनानेच ती बंद राहते.

चाळणीला तूप लावा किंवा तिच्यावर केळीचं पान ठेवा. दिंड एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडा आणि बारा ते पंधरा मिनिटं वाफवा. खालचं पाणी आधी उकळतं हवं आणि ते चाळणीला लागता कामा नये. झाकणाला आतून पातळ फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब दिंडांवर पडून वरचं आवरण लगद्यासारखं होतं. शिजलेला दिंड वरून चकचकीत दिसतो आणि ओल्या बोटाने दाबला तर बोटाला पीठ लागत नाही. गरम गरम फोडून त्यावर साजूक तूप ओता. इडलीपात्रातही दिंड होतात, फक्त तिथे ते थोडे लहान करावे लागतात.

पाटावरचा नाग

दोन चमचे हळद किंवा उगाळलेलं चंदन थोड्या पाण्यात कालवा. ते बोटाला लागेल इतकं दाट हवं. पातळ झालं तर ओघळतं आणि नागाचा फणा ओळखू येत नाही. लाकडी पाटावर हळदीचा डाग राहतो, त्यामुळे पाट जपायचा असेल तर चंदन घ्या, किंवा जाड कागदावर काढून तो पाटावर ठेवा. नाग, नागीण आणि शेजारी पिल्लं काढायची. किती पिल्लं, हे घरची रीत ठरवते. पण पिल्लं वगळू नका, कहाणी त्यांच्यापासूनच सुरू होते. काही घरांत नऊ नाग काढतात आणि त्यांची नावं घेतात : अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिय.

मग गंध, हळद-कुंकू, अक्षता, कापसाचं वस्त्र, दूर्वा, आघाडा, फुलं. नैवेद्याला दूध, लाह्या, भिजवलेले हरभरे, गूळ आणि दिंड. पूजेनंतर कहाणी मोठ्याने वाचा आणि मुलांना शेजारी बसवा. पूजेतलं दूध नंतर घरातच प्रसाद म्हणून घ्यायचं.

"पण व्हिडिओत नाग दूध पिताना दिसतो"

दिसतो, आणि तो खरंच पितो. तो का पितो, हे कळलं की असा व्हिडिओ पुढे पाठवावासा वाटणार नाही.

साप हा मांसाहारी प्राणी. नाग उंदीर, बेडूक, पक्षी, त्यांची अंडी, कधी दुसरे साप खातो. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न आहे आणि सापाच्या पोटाला ते पचत नाही. निसर्गात तो पाणी पितो. सणाआधी पकडलेल्या नागाला टोपलीत कित्येक दिवस पाण्याविना ठेवतात. तहानेने कासावीस झालेला नाग समोर येईल तो द्रव ओढून घेतो. जबरदस्तीने पाजलेलं दूध श्वासनलिकेत आणि फुप्फुसात गेलं तर तिथे संसर्ग होतो. त्याआधी बऱ्याचदा त्याचे विषदंत उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. तोंडातल्या जखमा चिघळतात, भक्ष्य धरता येत नाही, आणि सण उरकल्यावर त्याला सोडून दिलं तरी तो फार दिवस जगत नाही. फण्यावर टाकलेली हळद-कुंकवाची पूड डोळ्यांवर जाते. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे त्याला डोळे मिटताही येत नाहीत.

पुंगीवर नाग डुलतो हेही असंच. त्याला बाहेरून कान नसतात. तो पुंगीच्या सुरावर डुलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून सावधपणे फणा वळवत असतो.

यावर गावातली जाणती माणसं म्हणतील की कहाणीतली नागीण दूध पिते, मग? कहाणीतली नागीण माणसासारखं बोलते, क्षमा करते आणि अमृतही देते. तिच्यासाठी ठेवलेली वाटी हा नैवेद्य आहे. देवापुढे ठेवलेला नैवेद्य आपण देवाच्या तोंडात कोंबत नाही, तसंच हेही.

बत्तीस शिराळ्याचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याला जिवंत नागाच्या पूजेची जुनी परंपरा आहे. तिथली मंडळी तिचा संबंध गोरखनाथांशी सांगतात. ही गावाच्या श्रद्धेची बाब आहे आणि तिच्याबद्दल दुरून तुच्छतेने बोलणं बरं नव्हे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं, बाळगणं आणि त्याचं प्रदर्शन मांडणं हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शिराळ्यातल्या नागांच्या मिरवणुका आणि स्पर्धा थांबल्या. २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोजक्या गावकऱ्यांना अभ्यास आणि शिक्षणासाठी, अटींवर, नाग पकडायची परवानगी दिली, पण ती मिरवणुकीसाठी किंवा खेळासाठी नव्हती.

तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी टोपली घेऊन कोणी आलं, तर ते शिराळ्याची परंपरा पाळत नसतं. पैसे देऊ नका, फोटो काढायला मुलांना पुढे करू नका. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. त्या माणसाशी भांडू नका, कारण झटापटीत टोपली उघडली तर धोका सगळ्यांनाच आहे.

पंचमीला गावी येणार असाल तर

गावात फोनवर कोणी 'घरात जनावर निघालंय' म्हणालं, तर ते सापाबद्दल बोलत असतं. रात्री त्याचं नाव घेत नाहीत, ही रीत पाळा. अंगणात निघताना पायात बूट आणि हातात टॉर्च हवी. लाकडांच्या ढिगात, गोवऱ्यांत, दगडांच्या फटीत हात घालू नका. साप दिसला तर दूर उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका, दंश होऊ शकतो.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांच्या दंशाने : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन या चौघांवर चालतं. दंश झालाच तर माणसाला चालवू नका, हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, अंगठ्या आणि बांगड्या काढा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, विष चोखायचं नाही. मण्यारीच्या दंशाची खूण आणि वेदना बऱ्याचदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर झोपलेलं कोणी पहाटे पोटदुखीने उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, तर साप दिसला नसला तरी दवाखान्यात न्या. देवळात नेण्याचा आग्रह झाला तर त्यांना सांगा, देवाला नमस्कार दवाखान्याच्या वाटेवरच करू.

आता शुभेच्छा

बहिणीला आणि आत्याला संदेश चतुर्थीलाच पाठवा, पंचमीची वाट पाहू नका. बहिणीने तुमच्यासाठी, आत्याने तुमच्या वडिलांसाठी उपवास धरलेला असतो आणि संध्याकाळी तुमचा फोन यावा अशी दोघींची अपेक्षा असते. एवढं लिहिलं तरी पुरे :

"ताई, आज माझ्यासाठी उपवास धरलास, आठवण आहे. उद्या पंचमीला येता येत नाही, पण बांगड्यांचे पैसे पाठवलेत. मेंदी काढलीस की फोटो पाठव."

थोरल्यांना पंचमीच्या सकाळी, पूजेआधी किंवा जेवणं झाल्यावर :

"काका, काकू, पंचमीचा नमस्कार. आम्हीही इथे पाटावर नाग-नागीण काढली, कहाणी वाचली आणि दिंड केले. दोन फुटले, बाकी चांगले झाले. आज शेतातलं काम बंद असेल, तेव्हा निवांत बोलू."

आणि बरोबरीच्या भावंडांच्या ग्रुपवर :

"पंचमीच्या शुभेच्छा. आज तवा नाही, विळी नाही, दिंड आहेत. टोपलीतल्या नागाचा व्हिडिओ कोणी टाकू नका, आपापल्या पाटाचा फोटो टाका."

काकूला 'हॅपी नागपंचमी' पाठवलंत तर ती रागावणार नाही, पण त्या दोन शब्दांवर तिला पुढे काही बोलता येत नाही. 'दिंड कसे झाले' विचारलंत, तर तुमचं पुरण सैल का झालं हे ती अर्धा तास सांगेल. दुधाची वाटी आणि जिवंत नाग असलेली तयार चित्रं मात्र पाठवू नका. नाग हवाच असेल तर तुमच्या मुलीने हळदीने काढलेला, वाकड्या फण्याचा पाठवा.